मुळे न काढता: दोन्ही धन आहेत का हे सांगण्याची कृती

पोलादपूरच्या डोंगरउतारावर सपाट जागा मुळातच कमी. भाताची खाचरे खाली, नाचणी-वरी वरकस जमिनीत, आणि घरामागे जे गुंठा-दोन गुंठे उरतात त्यात वांगी, मिरची, वाल. तेवढा तुकडा तरी रानडुकरांपासून वाचावा म्हणून तारेची जाळी लावायची असते. समजा, एकाकडे २०० फूट जाळी आहे आणि त्याला दोन गुंठ्यांचा आयताकृती तुकडा चारही बाजूंनी बंद करायचा आहे. लांबी-रुंदी किती ठेवावी?

गुंठा म्हणजे ३३ फूट बाय ३३ फूट, अर्थात १०८९ चौरस फूट. दोन गुंठे झाले २१७८. जाळी चारही बाजूंनी फिरणार, म्हणून लांबी आणि रुंदी मिळून निम्मी, १०० फूट. आपल्याला अशा दोन संख्या हव्या आहेत ज्यांची बेरीज १०० आणि गुणाकार २१७८ आहे. त्या या समीकरणाची मुळे असतात:

x² − 100x + 2178 = 0

सूत्रात किमती घालून मुळे काढता येतीलच. पण त्याआधी एक प्रश्न आहे: असा तुकडा मुळात आखता येतो का? दोन्ही मुळे वास्तव आणि धन असतील तरच येतो, कारण उणे लांबीला खुंटी ठोकता येत नाही. हा प्रश्न सहगुणकांकडे बघून सोडवता येतो, वर्गमूळ काढावे लागत नाही. दहावीच्या पुस्तकात मुळांची बेरीज आणि गुणाकार शिकवतात तो दोन ओळींचा भाग वाटतो. त्याचा खरा उपयोग अकरावीनंतर, समीकरणात x सोबत आणखी एक अक्षर आले की सुरू होतो. महाडच्या शिकवणीत हा भाग घेताना मी नेहमी या जाळीच्या उदाहरणावरून जातो. पुढे येणाऱ्या सगळ्या अडचणी त्यात छोट्या रूपात सापडतात.

पहिली पायरी: समीकरण नीट मांडून a, b, c वाचा. सगळी पदे डावीकडे आणा, उजवीकडे शून्य राहू द्या. चिन्ह हा सहगुणकाचाच भाग आहे. वरच्या समीकरणात b म्हणजे −100, १०० नव्हे. मुळांना α आणि β म्हणू. मग समीकरण a(x − α)(x − β) = 0 असे लिहिता येते, आणि कंस सोडवले की

α + β = −b/a

αβ = c/a

बेरजेपुढचे उणे चिन्ह कुठून आले ते इथे दिसते: कंसातल्या −α आणि −β यांची बेरीज x चा सहगुणक होते. ज्यांना हे चिन्ह पाठ करून लक्षात राहत नाही त्यांनी दर वेळी कंस सोडवून पाहावा, अर्ध्या मिनिटाचे काम आहे. पूर्ण प्रश्न बरोबर सोडवून याच एका चिन्हावर उत्तर उलटे झालेले मी पुष्कळ पेपरांत पाहिले आहे.

दुसरी पायरी: गुणाकार पाहा. c/a > 0 हवे, म्हणजे a आणि c यांची चिन्हे सारखी हवीत. सुरुवात इथून करावी, कारण ही सर्वांत स्वस्त चाचणी आहे. गुणाकार ऋण निघाला तर एक मूळ धन आणि एक ऋण, विषय संपला. c = 0 असेल तर एक मूळ शून्य, आणि शून्य धन नसते, म्हणून तेही चालत नाही. इथे > च्या जागी ≥ लिहिले की शून्य मूळ चोरपावलांनी उत्तरात शिरते.

तिसरी पायरी: बेरीज पाहा. गुणाकार धन आहे एवढ्यावरून मुळांची चिन्हे सारखी आहेत एवढेच कळते. दोन्ही धन की दोन्ही ऋण, हे बेरीज सांगते. −b/a > 0 हवे, म्हणजे b चे चिन्ह a च्या उलट हवे. दोन्ही पायऱ्या एकत्र बोलायच्या तर: a आणि c एका बाजूला, b विरुद्ध बाजूला. जाळीच्या समीकरणात 1, −100, 2178 अशी धन-ऋण-धन चिन्हे आहेत. −6x² + 8x − 1 = 0 मध्ये ऋण-धन-ऋण; तेही चालते. चिन्हे एकमेकांच्या तुलनेत पाहायची असतात. a धन असलाच पाहिजे असा नियम नाही.

इथपर्यंत आले की वर्गातून कोणीतरी म्हणतेच, "सर, बेरीज धन, गुणाकार धन, मग झालंच की!" तेव्हा मी शेतकऱ्याची मागणी जरा वाढवतो. त्याच जाळीत त्याला दोनऐवजी अडीच गुंठे हवे आहेत. अडीच गुंठे म्हणजे २७२२.५ चौरस फूट:

x² − 100x + 2722.5 = 0

बेरीज १००, धन. गुणाकार २७२२.५, धन. चिन्हेही धन-ऋण-धन. आता फळ्यावर लांबी-रुंदी आखून दाखवा म्हटले की कोणालाच आखता येत नाही. लांबी ५० आणि रुंदी ५० घेतली तरी २५०० चौरस फूटच होतात. लांबी वाढवून रुंदी कमी केली की क्षेत्रफळ आणखी घटते. १०० फूट बेरजेत चौरसापेक्षा मोठा आयत बसतच नाही, म्हणजे २०० फूट जाळीची कमाल सुमारे २.३ गुंठे. अडीच गुंठ्यांचा तुकडा अस्तित्वात नाही, तरी दोन्ही चाचण्या पास झाल्या.

चौथी पायरी: विवेचक तपासा. Δ = b² − 4ac हा शून्य किंवा शून्यापेक्षा मोठा हवा. अडीच गुंठ्यांसाठी

Δ = 10000 − 10890 = −890

म्हणजे मुळे वास्तव संख्या नाहीत. दोन गुंठ्यांसाठी

Δ = 10000 − 8712 = 1288

इथे तिन्ही अटी पुऱ्या होतात, तुकडा आखता येतो. हवे असल्यास आता सूत्र वापरा: एक बाजू सुमारे ६७.९ फूट, दुसरी सुमारे ३२.१ फूट.

दुसऱ्या आणि तिसऱ्या पायरीत आपण "चिन्हे सारखी आहेत" असे म्हणालो तेव्हा मुळे वास्तव आहेत हे न सांगता गृहीत धरले होते. वास्तव नसलेल्या मुळांना धन-ऋण अशी चिन्हेच नसतात. अडीच गुंठ्यांची मुळे 50 + 14.9i आणि 50 − 14.9i यांच्या आसपास येतात. बेरीज केली की i ची पदे उडतात आणि १०० उरतात. गुणाकार केला की दोन वर्गांची बेरीज येते, ती धनच असणार. सहगुणक वास्तव असताना अवास्तव मुळांचा गुणाकार नेहमीच धन असतो, म्हणून दुसरी चाचणी त्यांना कधीच अडवू शकत नाही.

उलट गुणाकार ऋण असेल तेव्हा a आणि c विरुद्ध चिन्हांचे असतात, −4ac धन होते आणि Δ आपोआप धन येतो. "एक मूळ धन, एक ऋण" असे विचारले असेल तर c/a < 0 एवढी एकच अट पुरते, विवेचकाला हात लावायची गरज नाही. विवेचकाची अट नेमकी तिथेच लागते जिथे दोन्ही मुळे एकाच चिन्हाची हवी असतात. विद्यार्थी मात्र पहिल्या प्रकारात Δ विनाकारण काढत बसतात आणि दुसऱ्या प्रकारात विसरतात.

Δ = 0 असला तर दोन्ही मुळे समान: जाळीच्या भाषेत ५० बाय ५० चा चौरस. ती धन असतील तर चालतात. प्रश्नात "भिन्न मुळे" असे शब्द असतील तरच Δ > 0 घ्यायचा.

पाचवी पायरी: सहगुणकांत अक्षर असेल तेव्हा. परीक्षेत आकडे दिलेले समीकरण क्वचितच येते. येते ते असे: k च्या कोणत्या किमतींना पुढील समीकरणाची दोन्ही मुळे धन असतील?

(k − 3)x² − 2kx + (k + 4) = 0

आधी a शून्य होत नाही ना ते पाहा. k = 3 ला x² नाहीसा होतो आणि समीकरण वर्गसमीकरण राहत नाही, म्हणून 3 वगळला. आता तिन्ही अटी वेगवेगळ्या सोडवायच्या आणि शेवटी संख्यारेषेवर एकत्र आणायच्या.

विवेचक: b = −2k सम आहे, म्हणून Δ ऐवजी Δ/4 घेतला तर आकडे लहान राहतात.

Δ/4 = k² − (k − 3)(k + 4) = k² − (k² + k − 12) = 12 − k

तो शून्य किंवा धन हवा, म्हणून k ≤ 12.

गुणाकार: (k + 4)/(k − 3) > 0. इथे हात थांबवा. सवयीने (k − 3) ने दोन्ही बाजूंना गुणले जाते आणि k + 4 > 0 असे लिहिले जाते. पण k − 3 धन आहे की ऋण हे अजून माहीत नाही. ऋण असेल तर असमानतेचे चिन्ह उलटते. सुरक्षित मार्ग म्हणजे (k − 3)² ने गुणणे, तो वर्ग असल्यामुळे धनच असतो:

(k + 4)(k − 3) > 0

दोन अवयवांचा गुणाकार धन, म्हणजे दोन्ही धन किंवा दोन्ही ऋण. म्हणून k > 3 किंवा k < −4.

बेरीज: इथे −b/a म्हणजे 2k/(k − 3). तो धन हवा, आणि त्याच पद्धतीने k(k − 3) > 0; म्हणून k > 3 किंवा k < 0.

आता एक आडवी रेघ ओढा आणि तिच्यावर −4, 0, 3, 12 मांडा. प्रत्येक अटीसाठी रेघेच्या वर एक पट्टी रंगवा आणि जिथे तिन्ही पट्ट्या एकावर एक येतात तो भाग घ्या. −4 च्या डावीकडे तिन्ही आहेत. −4 ते 0 मध्ये बेरीज धन, पण गुणाकार ऋण. 0 ते 3 मध्ये दोन्ही नापास. 3 ते 12 मध्ये पुन्हा तिन्ही, आणि 12 स्वतः चालतो. त्याच्या पलीकडे विवेचक साथ सोडतो. उत्तर:

k < −4 किंवा 3 < k ≤ 12

हे उत्तर दोन तुकड्यांत येते याची अनेकांना धास्ती वाटते, आणि डावा तुकडा "ऋण k ला मुळे धन कशी" म्हणून खोडला जातो. k ऋण असला म्हणून मुळे ऋण होत नाहीत. k हा सहगुणकात बसला आहे, मूळ वेगळे.

सहावी पायरी: प्रत्येक तुकड्यातून एक किंमत घालून पाहा. ही पायरी टाळू नये. k = 4 ला समीकरण x² − 8x + 8 = 0 होते, मुळे सुमारे ६.८ आणि १.२. k = −5 ला −8x² + 10x − 1 = 0, म्हणजे 8x² − 10x + 1 = 0; मुळे सुमारे १.१४ आणि ०.११. दोन्ही धन. टोकही तपासा: k = 12 ला 9x² − 24x + 16 = 0, म्हणजे (3x − 4)² = 0, दोन्ही मुळे 4/3. k = −4 ला शेवटचे पद शून्य होते आणि एक मूळ शून्य येते, म्हणून −4 बाहेर.

वर सांगितलेली गुणण्याची चूक झाली असती तर k + 4 > 0, 2k > 0 आणि k ≤ 12 यांवरून 0 < k ≤ 12 असे उत्तर आले असते. त्यातली k = 1 घाला: −2x² − 2x + 5 = 0. a आणि c विरुद्ध चिन्हांचे, म्हणजे एक मूळ ऋण. एका किमतीने चूक उघडी पडते. भेदाच्या जागा (इथे −4, 0, 3, 12) आणि त्यांच्या मधली एकेक किंमत एवढे तपासले की उत्तराबद्दल शंका राहत नाही.

सातवी पायरी: फक्त धन असणे पुरेसे आहे का ते विचारा. शेतकरी म्हणतो, कोणतीही बाजू ३० फुटांपेक्षा कमी नको, वाफे नीट बसत नाहीत. आता प्रश्न "दोन्ही मुळे 0 पेक्षा मोठी" असा राहिला नाही, "30 पेक्षा मोठी" असा झाला. नवे सूत्र शिकायची गरज नाही. x = y + 30 ठेवा, मग x हा 30 पेक्षा मोठा असणे म्हणजे y धन असणे:

(y + 30)² − 100(y + 30) + 2178 = 0

y² − 40y + 78 = 0

धन-ऋण-धन. बेरीज 40, गुणाकार 78, आणि Δ = 1600 − 312 = 1288. अट पुरी होते. विवेचक पूर्वीइतकाच आला हे पाहा. दोन्ही मुळांतून 30 वजा केले तरी त्यांच्यातला फरक तोच राहतो, आणि Δ त्या फरकावरच ठरतो (a = 1 असताना तो फरकाचा वर्गच). म्हणून पुन्हा Δ काढायची गरज नाही, फक्त बेरीज आणि गुणाकार नव्याने पाहायचे. मर्यादा 33 फुटांची केली तर y² − 34y − 33 = 0 होते, गुणाकार ऋण; एक बाजू 33 पेक्षा लहान पडणार हे लगेच कळते.

सातव्या पायरीतला हा प्रश्न नवा नाही. बाराव्या शतकात भास्कराचार्यांनी तो आपल्या 'बीजगणिता'त हाताळला आहे. शके १०३६ म्हणजे इ. स. १११४ हे त्यांचे जन्मवर्ष, आणि सह्याद्रीच्या आश्रयाला असलेले आपले गाव त्यांनी स्वतःच नोंदवले आहे; चाळीसगावजवळच्या पाटणचा शिलालेख त्यांच्या घराण्याची माहिती देतो. त्यांची दोन उदाहरणे वानरांची आहेत, आणि पोलादपूरच्या विद्यार्थ्याला वानरे समजावून सांगावी लागत नाहीत. ती जाळीलाही दाद देत नाहीत.

पहिले उदाहरण असे: कळपाच्या पाचव्या हिश्शातून तीन वजा करून जे उरले त्याचा वर्ग, एवढी वानरे गुहेत गेली, एक फांदीवर दिसत होते. एकूण किती?

(x/5 − 3)² + 1 = x

कंस सोडवून 25 ने गुणले की

x² − 55x + 250 = 0

आपल्या कृतीप्रमाणे बेरीज 55, गुणाकार 250, Δ = 3025 − 1000 = 2025. तिन्ही अटी पुऱ्या. मुळे ५० आणि ५, दोन्ही धन. पण भास्कराचार्य ५ नाकारतात. पाच वानरांचा पाचवा हिस्सा एक, त्यातून तीन वजा केले की उणे दोन. वर्ग केल्यावर चार होतात आणि समीकरण जुळते, पण उणे दोन वानरांवर लोक विश्वास ठेवत नाहीत, असे त्यांचे कारण. समीकरण तयार करताना वर्ग केला आणि ऋण चिन्ह त्यात पुसले गेले. म्हणून मुळांची चिन्हे कितीही तपासली तरी ही अडचण सापडत नाही. ती मूळ वाक्यात आहे: x/5 − 3 ऋण नको, म्हणजे x हा 15 पेक्षा लहान नको.

आता सातवी पायरी लावा. x = y + 15 ठेवले की

y² − 25y − 350 = 0

गुणाकार ऋण. म्हणजे एक मूळ 15 च्या वर, एक खाली, आणि उत्तर एकच. मुळे न काढता कळते की दोनपैकी एकच कळप खरा.

दुसऱ्या उदाहरणात कळपाच्या आठव्या हिश्शाचा वर्ग एवढी वानरे रानात खेळत आहेत आणि बारा टेकडीवर ओरडत आहेत.

(x/8)² + 12 = x

x² − 64x + 768 = 0

बेरीज 64, गुणाकार 768, Δ = 4096 − 3072 = 1024. मुळे ४८ आणि १६. आठव्या हिश्शातून काहीच वजा केलेले नाही, त्यामुळे x धन असला की हिस्सा धनच. ४८ चा आठवा हिस्सा ६, त्याचा वर्ग ३६, अधिक १२ मिळून ४८. १६ चा आठवा हिस्सा २, वर्ग ४, अधिक १२ मिळून १६. इथे भास्कराचार्य दोन्ही उत्तरे ठेवतात.